क्लाउडमधून परतीचा हिशेब

बेसकँप आणि ‘हे’ ही ईमेल सेवा चालवणाऱ्या 37सिग्नल्स या अमेरिकी कंपनीचं 2022चं क्लाउडचं बिल सुमारे 32 लाख डॉलर होतं. सहमालक डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी क्लाउड सोडायचं जाहीर केलं, सुमारे सात लाख डॉलरचे डेल सर्व्हर घेतले आणि 2023मध्ये बहुतेक कामं त्यांवर हलवली.

फायली मात्र ॲमेझॉनच्या एस-3वरच राहिल्या. जवळपास दहा पेटाबाइट साठा, वर्षाचं भाडं सुमारे 13 लाख डॉलर. पर्याय म्हणून घेतलेली साठवणयंत्रणा 15 लाखांची, आणि ती चालवायचा अंदाजित खर्च वर्षाला दोन लाखांपर्यंत. पाच वर्षं वापर धरला, तर यंत्रांचे तीन लाख नि चालवण्याचे दोन, म्हणजे वर्षाला पाच लाख. बचत उघड दिसते.

पण ही कंपनी काही शून्यातून उठली नव्हती. डेटा सेंटरमध्ये तिची भाड्याची जागा आधीच होती, सर्व्हर सांभाळणारी माणसंही पगारावर होती, आणि कामाचा भार बऱ्यापैकी ठरलेला होता. ज्यांच्याकडे हे नाही, त्यांनी नव्या माणसांचे पगार, जादा डिस्क, दुसऱ्या ठिकाणची प्रत आणि स्थलांतराच्या महिन्यांतलं दुहेरी बिल आधी मांडावं. तुलनाही क्लाउडच्या छापील दराशी नको. दीर्घ कराराचा सवलतीचा दर धरावा आणि रिकामी पडलेली यंत्रं बंद करून मगच बिल पाहावं. सेलच्या दोन दिवसांत दसपट गर्दी झेलणाऱ्या दुकानाला उरलेलं वर्ष स्वतःचे सर्व्हर रिकामे पोसावे लागतील.