तापलेला डांबरी रस्ता आणि कुत्र्याचे तळवे

कुत्र्याच्या तळव्यावरच्या गाद्या जाड, खरखरीत कातडीच्या असल्या, तरी त्या भाजतात. हवेचे तापमान 25 अंश सेल्सिअस असताना उन्हातला डांबरी रस्ता 50 अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि इतक्या तापलेल्या पृष्ठभागावर मिनिटभरातही कातडी भाजू शकते. मग नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात रस्ता किती तापत असेल, याची कल्पना यावी. काळे डांबर दिवसभर ऊन शोषते आणि सावकाश निवते. त्यामुळे संध्याकाळी सहाला वारा सुटला, माणसाला बरे वाटू लागले, तरी रस्ता तापलेलाच असतो. या वेळीही कुत्र्याचे तळवे भाजू शकतात.

निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. तेवढा वेळ हात ठेववत नसेल, तर तो रस्ता कुत्र्यासाठी नाही. उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास फिरवणे सर्वांत सुरक्षित, कारण रात्रभरात रस्ता निवलेला असतो. दुसरी वेळ साधायचीच असेल, तर माती किंवा गवताची वाट धरावी. नुकत्याच पोहलेल्या किंवा भिजलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ पडलेले असतात, ते अधिक लवकर सोलवटतात. कापडी बूट उपयोगी पडतात, मात्र कुत्र्याला घाम तळव्यांनाच येत असल्याने घरी येताच ते काढावेत.

परतल्यावर चारही पाय उजेडात पाहावेत. मोठी गादी, बोटांखालच्या लहान गाद्या आणि बोटांमधली नाजूक कातडी असा क्रम ठेवला की काही सुटत नाही. काळ्या गादीवर लाली दिसत नाही. म्हणून रंगापेक्षा स्पर्शावर भर द्यावा. एखादी जागा गरम किंवा ओलसर लागणे, तिथे बोट लावताच पाय मागे घेणे, कातडीचा पापुद्रा सुटणे, पाण्याने भरलेला फोड दिसणे ही भाजल्याची चिन्हे आहेत. लंगडणे आणि पाय सतत चाटणे हीदेखील. भाजल्याची खरी खोली कधी कधी एक-दोन दिवसांनी कळते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. कोरड्या, उथळ भेगा सहसा भाजल्याच्या नसतात. रक्त येणारी खोल भेग मात्र दाखवावीच.

भाजल्याचे दिसताच पाय नळाच्या साध्या थंड पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे धरावा. बर्फ नको, हळद, तूप, टूथपेस्ट तर अजिबात नको. फोड फोडू नये. स्वच्छ गॉज सैलसर गुंडाळून, पाय चाटू न देता पशुवैद्याकडे न्यावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. वरवरचे भाजलेले साधारण आठवडाभरात भरते. गादीची कातडीच निघाली, तर कित्येक आठवडे लागतात आणि तोवर त्याला रस्त्यावर नेऊ नये.