दोन कप आधण

उतारवयातल्या प्रेमाची कथा बहुतेकदा कबुलीच्या संवादात फसते. सत्तरीतली माणसं पंचविशीतल्यासारखी बोलू लागली की वाचकाचा विश्वास उडतो. त्यापेक्षा रोजचा चहा लेखकाला जास्त देतो.

समजा, चाळीत शेजारी राहणारे दोघं आहेत. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक निवृत्त शिक्षिका. पहिल्या दिवशी बाई दारातूनच कप देतात. रिकामं भांडं परत करू नये म्हणून मास्तर त्यात चार शेंगदाणे घालून पाठवतात. पुढे गॅलरीत दुसरी खुर्ची येते. मास्तरांना मधुमेह आहे हे कळल्यावर बाई आधणातच साखर घालणं सोडतात आणि स्वतःही तसाच पितात. याबद्दल दोघं एक अक्षर बोलत नाहीत. मग मास्तर तीन दिवस मुलीकडे जातात, तरी बाईंच्या हातून दोन कपांचं पाणी ठेवलं जातं.

कथेचं वळण हेच. सवय बदलली की भावना दिसते, आणि ती पायरीपायरीनेच बदलायला हवी. मुलांचा विरोध, अचानक आजारपण यांची इथे गरज नाही. ‘अहो मास्तर’ची हाकही शेवटपर्यंत तशीच राहू द्या.