पैसे नॉमिनीच्या हाती, हक्क वारसांचा

‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगांवकर 2013 साली वारले. त्यांचं 2011 सालचं मृत्युपत्र होतं, आणि म्युच्युअल फंडांत नॉमिनी म्हणून काही जणांची नावंही होती. मग हे पैसे नॉमिनींचे की मृत्युपत्राप्रमाणे ज्यांना मिळायचे त्यांचे? वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला : शेअर असोत वा म्युच्युअल फंड, नॉमिनी झाल्याने कोणी मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

बँकेतल्या ठेवीचंही तसंच. समजा, एका हिंदू गृहस्थाने बारा लाखांच्या ठेवीवर लग्नाआधी भावाचं नाव लावलं आणि पुढे ते बदलायचं राहून गेलं. मृत्युपत्र न करता तो वारला. मागे आई, पत्नी आणि एक मुलगी. मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र पाहून बँक भावाला बारा लाख देईल. पत्नीने हरकत घेतली तरी न्यायालयाचा आदेश नसेल तर बँक थांबायला बांधील नाही. मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, पत्नी आणि मुलगी या तिघींचा प्रत्येकी चार लाखांवर हक्क आहे. भावाचा त्यात एक रुपयाही नाही. त्याने पैसे दिले नाहीत, तर या तिघींना त्याच्यावर दावा लावावा लागतो, बँकेवर नाही. तोवर त्याने रक्कम खर्चून टाकली, तर निकाल जिंकूनही वसुलीची पायपीट उरतेच. म्हणून कुटुंबात वाद दिसत असेल, तर पैसे निघण्याआधीच न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवणं फार महत्त्वाचं ठरतं.

विम्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका प्रकरणात, दहा-दहा हजारांच्या दोन पॉलिसींवर पत्नी नॉमिनी होती. मृताच्या आईने आणि मुलाने आपला दोन तृतीयांश वाटा मागितला, आणि न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. पुढे 2015 च्या दुरुस्तीने विमा कायद्यात नवी तरतूद आली. आईवडील, पती किंवा पत्नी, किंवा मुलं नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम त्यांच्याच लाभाची धरली जाते. भाऊ किंवा पुतण्या नॉमिनी असेल तर हा लाभ नाही. तरीही ही तरतूद वारसा कायद्यावर मात करते का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

नॉमिनी नेमल्याने पैसे वारसा दाखल्याच्या खटाटोपाविना लवकर हाती येतात, तेव्हा नाव जरूर लावा. पण पैसे अखेर कोणाचे, हे मृत्युपत्रात लिहा, आणि शक्यतो दोन्हीकडे एकच नाव ठेवा. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर किंवा नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर तुमची आणि दोन साक्षीदारांची सही पुरते.