फ्लॅटमधला वास्तुपुरुष

नवा फ्लॅट घेतलेल्या बहुतेक यजमानांचा पहिला प्रश्न मुहूर्ताचा असतो आणि दुसरा, थोडा आवाज खाली आणून विचारलेला, असा असतो : "गुरुजी, वास्तुपुरुष पुरायचा कुठे? खाली तर शेजाऱ्यांचं छत आहे." उमेळ्यात, नायगाव स्टेशनच्या पश्चिमेला, बैठी घरं आणि नव्या इमारती जवळजवळ आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे फार चांगला कळतो. वाडीतल्या घरात आग्नेय कोपऱ्यात हातभर खड्डा केला की काम होतं. चौथ्या मजल्यावर मात्र पायाखाली माती नसून स्लॅब असतो.

त्या प्रश्नाच्या उत्तराआधी पौरोहित्य शिकण्याबद्दल थोडक्यात सांगतो. वेदपाठशाळेत बालपण घालवलेल्यांचा मार्ग वेगळा आहे. घर किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीही वाट निघाली : पुण्यात शंकरराव थत्ते यांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. पुढे ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरुष दोघांसाठी, जातीची अट न ठेवता वर्ग चालवले आणि मराठी अर्थासह पोथ्या काढल्या. पोथीवरून क्रम समजतो, पण वैदिक मंत्रांचे स्वर गुरूच्या तोंडूनच घ्यावे लागतात. शिकलेला माणूस ओळखायचा तो संकल्पावरून. शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यातलं काही ना काही रोज बदलतं, ते पाठ करून ठेवता येत नाही. गुढीपाडव्यानंतरही गेल्या वर्षीचंच संवत्सर म्हटलं जाताना मी ऐकलं आहे. उत्तर भारतीय यजमान असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळायची. कृष्ण पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पुढे असतो. आपला वद्य आश्विन तो त्यांचा कार्तिक. तारीख कळवताना हे आधीच बोललं नाही, तर गावाहून आजोबांचा फोन येतो आणि ठरलेला दिवस डळमळतो.

दिवस ठरवताना पंचांगातली वास्तुशांतीच्या मुहूर्तांची यादी बघायचीच. शिवाय होम आहे म्हणून अग्निवासही पाहतात, आणि हे गणित मला मनापासून आवडतं. शुद्ध प्रतिपदेपासून मोजलेली तिथी, रविवारपासून मोजलेला वार आणि वर एक, यांची बेरीज करून चारने भागायचं. बाकी तीन किंवा शून्य उरली तर अग्नी पृथ्वीवर, म्हणजे होमाला योग्य. एक उरला तर स्वर्गात, दोन उरले तर पाताळात. समजा शुद्ध दशमी आणि गुरुवार आहे. दहा, पाच आणि एक मिळून सोळा, बाकी शून्य, दिवस चांगला. पण दशमी सकाळी साडेअकराला संपत असेल तर पुढे एकादशी लागते, बेरीज सतरा होते आणि बाकी एक उरते. म्हणून अशा दिवशी मी अग्निस्थापना साडेअकराच्या आत बसवतो. त्याआधी गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध यांना दोन तास सहज लागतात, म्हणजे यजमान आठला पाटावर हवेत. रविवारी आठ म्हणजे पाहुण्यांच्या हिशेबाने दहा, हे धरून मी साडेसातच सांगतो.

सगळं मिळून चार-पाच तास जातात, त्यामुळे दिवसाला एकच वास्तुशांत घ्यावी. संध्याकाळी त्याच घरी सत्यनारायण असतो, तेवढं झेपतं. एकाच चांगल्या रविवारी तीन घरांना हो म्हणणारा गुरुजी दुसऱ्या घरी मंडल आवरतं घेतो, हे ठरलेलंच. गुरुजींना स्वतःलाही सोयर-सुतक येतं. तेव्हा बदली कोण येणार, हे नाव तारीख घेतानाच सांगून ठेवावं.

मंडल आवरतं घेणं मला खटकतं, कारण वास्तुशांतीचा जीव तिथेच आहे. चौरंगावर पांढरं वस्त्र पसरून नऊ गुणिले नऊ अशी 81 पदं आखायची आणि त्यांत 45 देवता मांडायच्या. मधल्या नऊ घरांत ब्रह्मा. वास्तुपुरुष पालथा, डोकं ईशान्येला, पाय नैऋत्येला. बत्तीस देवता कडेने, तेरा आत. देवळाच्या वास्तूला 64 पदांचं मंडल असतं, घराला 81. प्रत्येक पदावर अक्षतांची पुंजी आणि सुपारी ठेवून नाव घ्यायचं म्हटलं की वेळ लागणारच.

होमाची खरी अडचण जमीन आणि धूर यांची. कुंड थेट व्हिट्रिफाइड टाइल्सवर ठेवलं तर टाइल तडकते. खाली विटांचा थर, वर दोन-तीन बोटं वाळू, मग कुंड. लाकूड ओलं असेल तर पांढरट दाट धूर निघतो आणि डोळे चुरचुरतात. सुकं लाकूड लगेच ज्वाला धरतं. नव्या इमारतीत धुराचे सेन्सर असतील तर सोसायटीच्या ऑफिसात आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. आहुतीचं तूपही चमच्याने थोडं थोडंच घालायचं, म्हणजे ज्वाला आवाक्यात राहते.

आता तो वास्तुपुरुष. सोन्याची, चांदीची किंवा तांब्याची छोटी प्रतिमा, सप्तधान्य, पंचरत्न आणि शेवाळ यांसह लहान डबीत ठेवून आग्नेयेला निक्षेप करायचा. पारंपरिक खड्ड्यात आधी पाणी ओततात आणि फूल सोडून ते कसं फिरतं ते बघतात. उजवीकडून फिरलं तर शुभ. फ्लॅटमध्ये आधी आग्नेय सापडली पाहिजे, आणि इथेच लोक फसतात. मोबाइलमधलं होकायंत्र स्लॅबमधल्या सळ्या आणि लोखंडी दरवाजा यांच्याजवळ भरकटतं. मी दोन-तीन ठिकाणी पाहतो, मग गॅलरीत जाऊन सकाळच्या उन्हाशी ताडून बघतो. उमेळ्यात आणखी एक खूण आहे : विरारकडे जाणारी गाडी ढोबळ मानाने उत्तरेला जाते. स्वयंपाकघर आग्नेयेलाच असेल असं धरून चालू नये.

सर्वांत बरं, फरशी बसण्याआधी यजमानाने गवंड्याला सांगून त्या कोपऱ्यात टाइलखालच्या मसाल्यात डबीपुरती जागा ठेवून घेणं. फरशी झाली असेल तर मी आग्नेयेच्या भिंतीत डबीएवढा कोनाडा करून तो लिंपून घ्यायला सांगतो. भिंत कॉलम किंवा बीमची नको आणि आतून पाण्याची किंवा विजेची नळी जात नसावी. विटांच्या भिंतीला टिचकी मारली तर आवाज वेगळा येतो, तरी प्लंबरला विचारणं उत्तम. काही गुरुजी फरशी फोडून स्लॅबला खाच पाडायला लावतात, त्याला माझा विरोध आहे. सळई उघडी पडली की गंज चढतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनी खालच्या घराच्या छताला डाग येतो. शास्त्राला आग्नेय दिशा हवी आहे, शेजाऱ्याचं छत नको आहे. भाड्याच्या घरात पुरायचं काही नाही, पूजा करून प्रतिमा देवघरात ठेवावी. फरशी बदलताना डबी सापडली तर ती फेकू नये, पुन्हा त्याच दिशेला बसवावी.

दक्षिणेबद्दल लोक बोलायला संकोचतात आणि मग मनात कडवटपणा राहतो. साहित्य, दक्षिणा आणि प्रवास हे तीन वेगळे आकडे आहेत. समजा वास्तुशांतीला यजमानाने सगळे मिळून अकरा हजार धरले आणि आचार्यांसोबत दोन साहाय्यक आहेत. समिधा, तूप, तीळ, धान्य, प्रतिमा, फुलं यांना साडेतीन हजार गेले, तर साडेसात हजार उरतात. त्यात आचार्यांना साडेतीन आणि दोघांना दीड-दीड हजार देऊन हजार रुपये गाडीसाठी राहतात. हे आधीच बोललं तर साहित्यातला उरलेला पैसा दक्षिणेत मिसळला, असा संशय येत नाही. सामान यजमान स्वतः आणणार असेल, तर मी यादी वजनासह देतो : तूप अर्धा किलो, काळे तीळ पाव किलो, पिवळी मोहरी शंभर ग्रॅम. नुसतं 'तूप, तीळ, मोहरी' लिहिलं तर होमाच्या मध्यावर कुणीतरी दुकानात धावतं.

शिधा मात्र या हिशेबात धरायचा नाही. तांदूळ, डाळ, गूळ, भाजी आणि वर दक्षिणेचा विडा, हे यजमानीणबाई ज्या हाताने ताटात घालतात ते त्यांचं देणं आहे. घर लहान असेल, हप्ते नुकते सुरू झाले असतील, तर मी दक्षिणा त्यांच्यावर सोडतो, पण साहित्य पूर्ण आणायला सांगतो, कारण 45 देवतांपैकी कुणाचं पद सुपारी नाही म्हणून रिकामं ठेवता येत नाही.