पसंतीने अरुंद झालेली भाषा

चॅटजीपीटीसारख्या प्रणालीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून पाहा. उत्तरातले शब्द बदलतात, पण सुरुवात, मधले मुद्दे आणि शेवटचा समजूतदार सल्ला बहुतेक वेळा तोच राहतो. हा सारखेपणा यंत्र जन्मतः घेऊन आलेलं नसतं. ज्या मूळ मॉडेलपासून ही प्रणाली घडते ते असं लिहीत नाही. सारखेपणा येतो तो नंतर दिलेल्या शिक्षणातून. ‘हा मजकूर माणसाचा की यंत्राचा’ हे ओळखू पाहणारी बरीचशी साधनंही मुख्यतः त्या शिक्षणाचीच खूण शोधत असतात. विद्यार्थ्याच्या निबंधावर अशा साधनाचा शिक्का बसतो तेव्हा त्यानं नेमकं काय मोजलं, हे कळण्यासाठी हा धागा मुळापासून पाहायला हवा.

मूळ मॉडेल अफाट मजकूर वाचून एकच गोष्ट शिकतं: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची किती शक्यता आहे. ‘काल रात्री पाऊस’ यानंतर ‘पडला’ येईल, ‘आला’ येईल, ‘थांबला’ही येईल, आणि प्रत्येकाला ते आपापला वाटा देतं. माणसं जितक्या तऱ्हांनी लिहितात तितक्या तऱ्हा या वाटपात साधारण त्याच प्रमाणात उतरतात. म्हणूनच अशा मॉडेलला ‘रोज चालण्याचे फायदे काय?’ असं विचारलं, तर ते उत्तर देईलच असं नाही. पुढे आणखी चार प्रश्न लिहून ते प्रश्नपत्रिका तयार करेल, किंवा एखाद्या आजोबांची आठवण सुरू करेल. त्याच्या दृष्टीने हे सगळे त्या वाक्याचे रास्त पुढचे भाग आहेत.

हे मॉडेल कामाचं कसं करायचं, याची आजही वापरात असलेली रीत ओपनएआयच्या संशोधकांनी २०२२च्या मार्चमध्ये इन्स्ट्रक्टजीपीटीच्या निबंधात मांडली. सुमारे चाळीस माणसं कंत्राटावर घेतली गेली. आधी त्यांनी सूचना आणि त्यांची चांगली उत्तरं स्वतः लिहून दिली आणि मॉडेलला ती गिरवायला लावली. मग एकाच सूचनेवर मॉडेलची चार ते नऊ उत्तरं त्यांच्यापुढे ठेवून सरस-नीरस क्रम लावायला सांगितला. त्या क्रमांवरून दुसरं एक मॉडेल शिकवलं, ज्याचं काम एवढंच की कुठलंही उत्तर पाहून ते माणसांना किती आवडेल याचे गुण द्यायचे. शेवटी गिरवून शिकलेल्या लेखक-मॉडेलला हे गुण वाढतील अशा दिशेने वळवलं, आणि ते आपल्या आधीच्या स्वभावापासून फार लांब गेलं तर दंड बसेल अशी तजवीज केली. फायदा मोठा झाला. परीक्षकांना १.३ अब्ज घटकांच्या शिकवलेल्या मॉडेलची उत्तरं १७५ अब्ज घटकांच्या मूळ जीपीटी-३ पेक्षा जास्त पसंत पडली.

या निबंधातला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन उत्तरांपैकी सरस कोणतं, यावर परीक्षकांचं एकमेकांशी सुमारे ७३ टक्के वेळा जुळलं. म्हणजे पसंतीत बराच भाग ज्याचा त्याचा होता. कुणाला ठसकेबाज सुरुवात आवडते, कुणाला सावध. गुण देणारं मॉडेल या सगळ्यांवर एकत्र शिकतं, तेव्हा एकाची आवड दुसऱ्याच्या नावडीशी वजा होते आणि ज्यावर बहुतेकांचं जमतं तेवढंच ठळकपणे उरतं: सुसंगत, सौम्य, नीट मांडणीचं, कुणाला न खटकणारं. तिरकस पण अस्सल वाक्याला या बेरजेत कुणी वाली राहत नाही.

आता या गुणांचं शक्यतांवर काय होतं ते छोट्या हिशेबातून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण गणित खरं आहे. समजा चालण्याच्या प्रश्नावर मूळ मॉडेलकडे चार सुरुवाती आहेत. ‘रोज चालणे आरोग्यासाठी अत्यंत फायदेशीर आहे’ हिचा वाटा ४० टक्के. ‘चालण्याने हृदय चांगलं राहतं’ हिचा ३०. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी सुरू केलं’ हिचा २०. आणि ‘फायदे कसले, गुडघे गेले माझे’ हिचा १०. परीक्षकांच्या पसंतीवरून यांना अनुक्रमे २, १, ० आणि उणे १ गुण मिळाले. वर सांगितलेल्या दंडासकट शिकवण पूर्णत्वाला गेली, तर प्रत्येक उत्तराचा जुना वाटा गुणांच्या घातांकी पटीने गुणला जातो आणि मग सगळ्यांची बेरीज पुन्हा शंभरावर आणली जाते. हे गुण किती जोराने लावायचे हे दंडाच्या सैलपणावर ठरतं. मध्यम सैल दंड धरला, तर पहिली सुरुवात ४० वरून सुमारे ७४ टक्क्यांवर जाते. दंड आणखी निम्मा केला की ती ९० टक्के होते, दुसरी ९ टक्क्यांवर येते, आणि गुडघ्यांची तक्रार हजारात एकदासुद्धा निघत नाही.

पहिली सुरुवात इतरांपेक्षा थोडीच सरस होती, तरी फरक घातांकात गेल्यामुळे तिने जवळजवळ सगळी जागा व्यापली. शिवाय ती आधीही सगळ्यांत संभाव्य होती. पसंतीने तिच्यात भरच घातली. प्रत्यक्षात गुण पूर्ण उत्तराला मिळतात, एकेका वाक्याला नाही, पण परिणाम शब्दाशब्दापर्यंत झिरपतो. २०२३ साली रॉबर्ट कर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. गिरवून शिकवलेल्या मॉडेलपेक्षा पसंतीवर शिकवलेल्या मॉडेलच्या उत्तरांत विविधता बरीच कमी निघाली.

शोधसाधनं इथे कामाला येतात. त्यांतली बरीच ‘परप्लेक्सिटी’ नावाचं माप वापरतात. सोप्या शब्दांत, प्रत्येक टप्प्यावर मॉडेलला सरासरी किती पर्यायांमधून निवड करावी लागली, याचा तो आकडा आहे. वरच्या उदाहरणात सुरुवातीला तो साधारण ३.६ होता, सर्वांत सैल दंडानंतर तो १.४ उरला. अशा अरुंद झालेल्या मॉडेलने लिहिलेला मजकूर दुसऱ्या मॉडेलला वाचायला दिला, तर त्यालाही तो फारसा चकित करत नाही, कारण दोघांनी साधारण सारखंच वाचलेलं असतं. माणसाचा मजकूर मध्येच अनपेक्षित वळण घेतो आणि आकडा वर जातो. कमी आकडा म्हणजे यंत्र, हा नियम इतका साधा आहे.

पण त्याला एक मोठं छिद्र आहे. यंत्राला कुठली सूचना दिली होती हे साधनाला दिसत नाही. कुणी ‘खगोलशास्त्र शिकणाऱ्या कॅपिबारावर लिही’ असं सांगितलं, तर येणारा मजकूर सूचना माहीत असणाऱ्याला अगदी अपेक्षित, पण नुसता मजकूर वाचणाऱ्या मॉडेलला विचित्र वाटतो. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली ‘बायनॉक्युलर्स’ नावाच्या पद्धतीत यावर उपाय शोधला. त्यांनी फाल्कन या मॉडेलची दोन रूपं घेतली, एक मूळ आणि एक सूचना पाळायला शिकवलेलं. मजकूर एका रूपाला किती अनपेक्षित वाटला, याला त्यांनी दुसऱ्या रूपाने त्याच जागी सुचवलेले शब्द पहिल्याला किती अनपेक्षित वाटले असते, याने भागलं. विषयच विचित्र असेल तर दोन्ही आकडे वाढतात आणि भागाकार फारसा हलत नाही. चकित होण्याचं कारण विषय आहे की लिहिणारा, हे त्यामुळे बरंच वेगळं करता येतं.

तरीही अशी साधनं मुख्यतः सापडवतात ते शिकवणुकीने अरुंद झालेलं लेखन, आणि हे लक्षात आलं की त्यांचे दोष आपोआप उलगडतात. पसंतीची शिकवण न दिलेलं मूळ मॉडेल वापरलं, शब्द निवडताना मुद्दाम जास्त सैलपणा ठेवला, किंवा आधीच वापरलेले शब्द पुन्हा आल्यास दंड लावला, की खूण पुसट होते. २०२४च्या ‘रेड’ या मोठ्या चाचणीत नेमक्या अशा बदलांनी अनेक साधनं सहज फसली. उलट बाजूला, नियमित लिहिणारा माणूस पकडला जातो. अमेरिकेची राज्यघटना मॉडेलांनी असंख्य वेळा वाचलेली असते, त्यामुळे तिचा पुढचा शब्द त्यांना ठाऊकच असतो, आणि अशी साधनं तिलाही यंत्रलिखित ठरवू शकतात.

सर्वांत अन्याय होतो तो भाषा शिकणाऱ्यांवर. स्टॅनफर्डमधील वेईक्सिन लियांग आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली टोफेल परीक्षेचे ९१ निबंध सात साधनांतून काढले. ते सगळे माणसांनीच लिहिलेले होते. सरासरी ६१.३ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे निर्दोष सुटले. परक्या भाषेत लिहिताना माणूस हाताशी असलेले ओळखीचे शब्द, पाठ केलेली वाक्यरचना वापरतो, म्हणजे तोही अपेक्षित मार्गानेच चालतो. मग संशोधकांनी चॅटजीपीटीला याच निबंधांतली शब्दसंपत्ती वाढवायला सांगितलं, आणि चुकीचा आरोप ११.६ टक्क्यांवर उतरला. यंत्राचा हात फिरवल्यावर निबंध माणसाचे ठरू लागले! मराठी माध्यमातून शिकून परदेशी विद्यापीठासाठी इंग्रजीत हेतुनिवेदन लिहिणाऱ्या मुलीलाही याच मापाने तोललं जाणार आहे.

आकड्यांचं आणखी एक गणित अशा शिक्क्यांच्या बाजूने बोलत नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं शोधसाधन आणलं. त्यांच्याच आव्हानात्मक चाचणीत ते यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्के पकडत होतं आणि माणसाच्या मजकुरापैकी ९ टक्के चुकून यंत्राचा ठरवत होतं. समजा एक हजार निबंधांपैकी शंभर यंत्राकडून लिहून घेतले आहेत. साधन त्यातले २६ पकडेल आणि उरलेल्या ९०० पैकी ८१ निरपराधांवर बोट ठेवेल. शिक्का बसलेल्या १०७ निबंधांत तीनचतुर्थांश प्रामाणिक असतील. ते साधन त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतलं गेलं. त्यांनी स्वतःच बजावलं होतं की एक हजार अक्षरांपेक्षा लहान मजकुरावर त्याचा भरवसा नाही आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते खूपच कमी चालतं.

मराठीत ही अडचण दुहेरी होते. मोजणाऱ्या मॉडेलने मराठी कमी वाचलेली असेल, तर त्याला चांगलं बोलीभाषेतलं वाक्यही अनपेक्षित वाटतं आणि सरकारी परिपत्रकाची ठरलेली भाषा मात्र ओळखीची. मग तोच उंबरठा इंग्रजीवरून उचलून इथे लावला, तर कुणाला पकडलं जाईल आणि कुणाला सोडलं जाईल हे भाषेच्या थाटावर ठरेल. असं साधन मराठी वर्गात आणणाऱ्याने आधी ३० नोव्हेंबर २०२२ च्या, म्हणजे चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं होण्याच्या, पूर्वीचे निबंध गोळा करावेत: कोकणातल्या मुलांचे, विदर्भातल्या मुलांचे, प्रथमच मराठीत लिहिणाऱ्यांचे, पाठ करून लिहिणाऱ्यांचे. त्या प्रत्येक गटातले किती निबंध साधनाने यंत्राचे ठरवले, याचा तक्ता मुख्याध्यापकांच्या टेबलावर असल्याशिवाय एकाही मुलाला बोलावून जाब विचारू नये.