म्युच्युअल फंड वितरकाचे प्रमाणपत्र आणि पन्नाशीतील हिशेब

नोकरीनंतरच्या उत्पन्नाची सोय म्हणून पन्नाशीत अनेकजण म्युच्युअल फंड वितरकाच्या प्रमाणपत्राकडे वळतात. ‘या वयात परीक्षेतून सूट मिळते’ हा त्यांच्यातील एक समज निराधार नसला, तरी तो आता कालबाह्य झाला आहे. 31 मे 2010 रोजी वयाची पन्नाशी गाठलेल्यांना किंवा म्युच्युअल फंड विक्रीचा दहा वर्षांचा अनुभव असलेल्यांना सेबीने परीक्षेऐवजी प्रशिक्षणाचा पर्याय दिला होता. आज पन्नाशीत पोहोचणारी व्यक्ती त्या वेळी पस्तिशीच्या आसपास असल्यामुळे वयाची ही सवलत तिला लागू होत नाही.

परीक्षेची धास्तीही अवाजवी आहे, कारण एनआयएसएमच्या या परीक्षेत दोन तासांत शंभर बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, उत्तीर्ण होण्यास पन्नास टक्के गुण पुरतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. त्यानंतर एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. हा सर्व खर्च काही हजार रुपयांचा असल्याने ‘शुल्क वसूल झाले की फायदा झाला’ असे मानले जाते, आणि खरी गफलत येथेच होते, कारण मोठी गुंतवणूक शुल्काची नसून तासांची असते.

विक्री होताच घसघशीत कमिशन मिळते, ही समजूत जुन्या व्यवस्थेतून आली आहे. सेबीने 2018 मध्ये आगाऊ कमिशनवर बंदी घातली आणि ट्रेल कमिशन, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत तिच्या मूल्यावर मिळणारा अल्प वार्षिक मोबदला, हीच पद्धत सर्वसाधारण ठरवली. समजा, वीस कुटुंबांनी दरमहा प्रत्येकी पाच हजार रुपये गुंतवले, कमिशनचा दर वर्षाला 0.8 टक्के धरला आणि बाजारातील चढउतार बाजूला ठेवले, तर पहिल्या वर्षी सरासरी शिल्लक साडेसहा लाख राहून हाती सुमारे 5,200 रुपये येतात, तर पाचव्या वर्षी तीच शिल्लक साडेचोपन्न लाखांवर जाऊन सुमारे 43,600 रुपये मिळतात. केवायसीची कागदपत्रे, भेटी आणि बाजार पडल्यावरचे घाबरलेले फोन यांत महिन्याला तीस तास गेले, तर पहिल्या वर्षीचा मोबदला तासाला जेमतेम चौदा रुपये आणि पाचव्या वर्षीचा सुमारे 121 रुपये पडतो. तोही कर व प्रवासखर्च वजा करण्यापूर्वीचा.

म्हणून निवृत्तीनंतर प्रमाणपत्र घेण्यापेक्षा पगार चालू असताना ते घेणे अधिक शहाणपणाचे दिसते, कारण तुटपुंज्या उत्पन्नाची वर्षे पगाराच्या आधारावर निघून जातात. मात्र ओळखीची कुटुंबे वीसऐवजी पाचच असतील, तर पाचव्या वर्षीचे उत्पन्नही अकरा हजारांच्या आतच राहते, आणि भेटींचे तास काहीसे कमी झाले तरी नियम व कागदपत्रे समजून घेण्याचे तास तेवढेच लागतात.

एकदा जोडलेला ग्राहक कायमचा, असेही गृहीत धरता येत नाही, कारण 2013 पासून गुंतवणूकदारास वितरकाविना ‘डायरेक्ट’ योजनेत गुंतवणूक करता येते, आणि त्याने आपली रक्कम तिकडे वळवली की तिच्यावरील ट्रेल थांबते.