चुका नाहीत, तरीही डिस्लेक्सिया

इंग्रजीत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं ‘दो’मध्ये एक उच्चार देतात, ‘टफ’मध्ये दुसरा आणि ‘थ्रू’मध्ये तिसरा. नियम लावून वाचणारं मूल इथे हमखास फसतं. असे शब्द एकेक करून लक्षात ठेवावे लागतात. इटालियनमध्ये मात्र अक्षरांचे नियम थोडे आणि पक्के आहेत. ते कळले की कधी न पाहिलेला शब्दही वाचता येतो. लिपीतून उच्चार जितका सरळ कळतो तितकी ती ‘उथळ’, आणि अपवाद जितके जास्त तितकी ‘खोल’, असं अभ्यासक म्हणतात.

मग उथळ लिपीच्या देशात डिस्लेक्सिया नसतोच का? एराल्दो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन विद्यापीठांतल्या डिस्लेक्सिक विद्यार्थ्यांची तुलना ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. वाचनातल्या अचूकतेत इटालियन मुलं इतर दोघांपेक्षा सरस ठरली. पण शब्दातले ध्वनी सुटे करून त्यांची अदलाबदल करायची वेळ आली, तेव्हा तीही तितकीच अडखळली. वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या ज्या भागात एरवी हालचाल वाढते, तिथे ती तिन्ही गटांत सारखीच कमी होती.

याचा अर्थ असा, की मुळातली अडचण एकच असते. लिपी तिचं रूप बदलते. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड झटकन बसत नाही, ही ती अडचण. इंग्रजीत अशा मुलाला अंदाज बांधावा लागतो आणि अंदाज चुकतो. इटालियनमध्ये ते एकेक अक्षर जोडत बरोबर उच्चारापर्यंत पोचतं, पण फार वेळ घेतं. तोवर वाक्याची सुरुवात मनातून निसटते, अर्थ लागत नाही. म्हणून इटलीत निदान करताना चुकांबरोबर वेगही पाहतात, मूल सेकंदाला किती अक्षरावयव वाचतं ते मोजतात.

आपली देवनागरीही बरीच उथळ आहे. ‘चमचा’तले दोन ‘च’ वेगळे, असे थोडे अपवाद सोडले तर लिहिलं तसं वाचता येतं. त्यामुळे मराठी माध्यमातलं मूल धडा बिनचूक पण रेंगाळत वाचतं, आणि ‘आळशी आहे, सराव नाही’ असा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे. तेच मूल इंग्रजीच्या तासाला चुकांचा पाऊस पाडतं, म्हणून अडचण फक्त इंग्रजीची, असंही घरच्यांना वाटतं.

शिक्षकांनी आणि पालकांनी एवढं करून पाहावं: ओळखीचा नसलेला उतारा द्या, घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती शब्द वाचले ते त्याच वर्गातल्या इतर मुलांशी ताडून बघा. मग ‘मगोळ’, ‘टरीपा’ असे निरर्थक शब्द वाचायला द्या. तिथे पाठांतर कामी येत नाही. यावरून निदान होत नाही, पण फरक मोठा असेल आणि महिनोन्‌महिने टिकत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, आणि ती मराठीतूनही व्हावी असा आग्रह धरा.